घाबरण्याचे कारण नाही

भाडेकरू संघाच्या चिटणीसपदी ताईंची निवड झाली, ती त्यांचं अक्षर चांगलं होतं म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं. वासरात लंगडी गाय शहाणी, तसा प्रकार. चार मजल्यांच्या त्या इमारतीत नळाचं भांडण रंगवून सांगणारे पुष्कळ होते, पण ते कागदावर उतरवायची वेळ आली की सगळे एकमेकांकडे बघत. मग कुणीतरी म्हणालं, "ताईंना सांगा. त्यांना वेळही आहे." एकट्या बाईला वेळ असतो, अशी लोकांची पक्की समजूत असते.

ताईंनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला यंत्र, समोर बटणांचा फळा, आणि तोंडात तीच वाक्यं: थांबा, जोडते. लाईन धरून ठेवा. पलीकडे कुणाचा बाप दवाखान्यात असे, कुणाची बायको अडलेली असे, आणि माणसं नंबर विसरून रडायला लागत. ताई त्यांना म्हणत, "घाबरू नका, मी आहे ना लाईनवर." आवाज असा, की समोरचा खरंच थांबायचा. लग्न ठरता ठरता दोनदा मोडलं, मग आईचं आजारपण निघालं, मग आई गेली. आईच्या नावची तळमजल्यावरची खोली तेवढी ताईंकडे राहिली.

चिटणीस म्हणून त्यांनी पहिलं पत्र लिहिलं ते पाण्याच्या टाकीबद्दल. टाकी दुरुस्त होईपर्यंत पाणी येणार नाही, कोपऱ्यावरच्या नळावरून भरून ठेवावं, वगैरे. शेवटी जुन्या सवयीनं हात पुढे गेला आणि त्यांनी लिहिलं: घाबरण्याचे कारण नाही. ही ओळ लोकांना इतकी आवडली की पुढच्या पत्रात ती नव्हती तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची मावशी खाली येऊन विचारून गेली, "ताई, काही लपवत तर नाही ना?" तेव्हापासून ती ओळ कायमची झाली. विजेची तार बदलायची असो की मालकानं गच्चीला कुलूप लावलेलं असो, पत्राचा शेवट तोच.

आणि मग व्हायचं ते झालं. इमारत फक्त शेवट वाचायला शिकली. खजिनदार औषधांच्या दुकानात कामाला होते, दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावणारा माणूस. तेसुद्धा जिन्याखालच्या फळ्यापाशी थांबत, खालची ओळ बघत आणि वर जात. ताईंनी एकदा टोकलं, तर हसून म्हणाले, "अहो, शेवट गोड तर सगळं गोड. मधलं तुम्ही वाचलंय ना? मग झालं." ताईंनाही तेव्हा हसू आलं होतं. खोटं कशाला बोला, जरा बरंही वाटलं होतं.

ताईंच्या भिंतीला भिंत लावून घड्याळजी राहत. घड्याळं दुरुस्त करणारा, बोलायला कमी, चालायला त्याहून कमी असा माणूस. त्यांची खोली हेच घर आणि हेच दुकान. रस्त्याकडच्या खिडकीला त्यांनी टेबल लावलं होतं, गिऱ्हाईक बाहेरून घड्याळ आत द्यायचं आणि बाहेरूनच घ्यायचं. आत पडद्यामागे त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, झोपून असत. कमरेखालचं अंग गेल्याला बरीच वर्षं झाली होती. घड्याळजींचा सगळा संसार त्या खिडकीवर चालायचा. खिडकी सोडून दुसरीकडे बसले असते तर त्यांना कोण ओळखणार होतं? लोक त्यांचा चेहरासुद्धा विसरत, पण खिडकी विसरत नसत.

संघाचं पत्र फळ्यावर लागे, शिवाय प्रत्येक दाराखालून एक प्रत आत सरकवायची अशी ताईंची पद्धत. घड्याळजींच्या दाराशी आतून जाड पायपुसणं होतं. कागद तिथं अडे, अर्धा बाहेर राही. मग आतून चपलांचा आवाज येई, कागद हळूच आत ओढला जाई, आणि क्षणभरानं भिंतीपलीकडून ऐकू येई, "घाबरण्याचं कारण नाही म्हणतायत." हे वहिनींसाठी असे. ताई आपल्या दाराशी उभ्या राहून तेवढं ऐकत आणि मग आत जात.

मालकानं भाडं तिप्पट करून मिळावं म्हणून भाडे न्यायालयात अर्ज केला, तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण इथं कोर्टच जिना चढून आलं होतं. संघानं वकील दिला. निकाल लागेपर्यंत जुनंच भाडं द्यावं, असा मधला हुकूम झाला. ताईंनी तसं पत्र काढलं. त्या पत्राच्या मध्यावर त्यांनी हेही लिहिलं होतं, की हा शेवटचा निकाल नाही, उद्या वाढ झाली तर ती मागच्या तारखेपासून लागू शकते, तेव्हा प्रत्येकानं दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकावेत. खाली नेहमीची ओळ होती. एकाही घरानं पैसे बाजूला टाकले नाहीत.

तीन वर्षांहून जास्त काळ तारखा पडत राहिल्या. मग निकाल लागला. न्यायाधीशांनी शेवटचा आदेश तेवढा वाचला, आणि वकिलांनी बाहेरच्या बाकावर बसून ताईंना तो समजावला. ताईंना अर्धं कळलं, अर्धं कळूनही पटेना. नक्कल हाती आली तेव्हा त्या ती घेऊन घरी बसल्या आणि पहिल्या पानापासून वाचू लागल्या. छप्पर गळतं, जिना खचलाय, भिंतींना ओल आली आहे, दुरुस्ती तातडीनं हवी, असं भाडेकरूंनी स्वतःच वेळोवेळी मालकाला लिहून कळवलं आहे. मालकानं मोठा खर्च करून ती दुरुस्ती केली. सबब भाडेवाढ काही अंशी न्याय्य आहे. खाली पत्रांच्या तारखा होत्या. सगळी पत्रं ताईंची. आपलेच दात आणि आपलेच ओठ. छपरासाठी त्यांनी किती कळवळून लिहिलं होतं! आता त्याच कळवळ्याचं बिल आलं होतं.

त्यांनी नक्कल मिटून बाजूला ठेवली. पण पत्र तर लिहायला हवं होतं. त्यांनी दोन मसुदे फाडले, आणि तिसरा ठेवला:

"सर्व सभासदांस,

भाडेवाढीच्या प्रकरणात निकाल लागला आहे. प्रमाणित नक्कल वाचून त्याचा सारांश देत आहे.

मालकांनी तिप्पट भाडे मागितले होते, ते मान्य झालेले नाही. सध्याच्या भाड्याच्या पावणेदोनपट भाडे न्यायालयाने ठरवले आहे. ही वाढ आजपासून नव्हे, तर मालकांनी अर्ज केला त्या तारखेपासून लागू आहे. मधल्या सर्व काळाचा फरक आपल्याला द्यावा लागेल. तो बारा समान मासिक हप्त्यांत न्यायालयात भरण्याची सवलत आहे. पहिला हप्ता पुढील महिन्याच्या दहा तारखेच्या आत भरायचा आहे. हप्ता चुकल्यास सवलत रद्द होऊन उरलेली रक्कम एकदम देणे लागेल, आणि थकबाकीच्या कारणावरून जागेच्या ताब्यासाठी दावा करण्यास मालकांना मोकळीक राहील.

हा निकाल फक्त भाड्याबद्दल आहे. कोणालाही जागा सोडण्याचा हुकूम झालेला नाही.

अपिलाची मुदत तीस दिवस आहे. मात्र अपील दाखल केल्याने निकाल आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, व ती मिळेपर्यंत हप्ते भरावेच लागतील.

मालकांच्या माणसाने आणलेल्या कोणत्याही कागदावर वकिलांना दाखवल्याशिवाय सही करू नये.

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता जिन्याखाली सभा आहे. सर्वांनी यावे.

आपली,
चिटणीस"

सहीच्या वर नेहमीच्या ओळीची जागा रिकामी होती. ताईंनी पेन टेकवलं आणि उचललं. मावशीचा मुलगा नोकरीवरून घरी बसला होता. खजिनदारांच्या डोक्यावर मुलीच्या शिक्षणाचं कर्ज होतं. खुद्द ताईंना पेन्शनीतून हप्ता भरायचा तर दुपारचं जेवण आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांतलं एक सोडावं लागणार होतं. घाबरण्याचं कारण होतं, चांगलं ढळढळीत होतं. एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं काढून त्यांनी कधी कुणाला जाणूनबुजून चुकीचा नंबर जोडून दिला नव्हता. त्यांनी ओळ लिहिली नाही.

गुरुवारी दुपारी पत्र फळ्यावर लागलं आणि दारांखालून आत गेलं. घड्याळजींच्या दाराशी कागद पायपुसण्याला अडला, मग हळूच आत ओढला गेला. ताई सवयीनं थांबल्या. भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं वहिनींचा आवाज आला, "काय लिहिलंय हो?"

मग जिना गडगडू लागला. मावशी आली, तिच्या मागून दुसऱ्या मजल्यावरचे दोन भाऊ आले, मग बायका, मग खजिनदार, हातात दुकानाची पिशवी तशीच. "ताई, ओळ कुठाय?" हाच पहिला प्रश्न. निकाल काय लागला हे कुणी विचारलंच नाही.

"अहो, पत्र वाचा ना आधी," ताई म्हणाल्या.

"वाचलं. ओळ नाही."

"मधलं वाचलंत का? जागा सोडायचा हुकूम नाही असं स्पष्ट लिहिलंय मी."

"लिहिलंय हो, पण तुम्ही स्वतः घाबरलात त्याचं काय?" मावशी म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून तिथंच पायरीवर बसली.

ताईंनी एकेकाला समजावलं. तेच ते, तेच ते. हप्ते, मुदत, अपील, स्थगिती. एकाला सांगून होईस्तोवर दुसरा सुरुवातीपासून विचारी. खजिनदार तर चिडलेच. "एक ओळ लिहायला काय पैसे पडत होते तुम्हाला? लोक निदान झोपले असते." दिवेलागणीपर्यंत ताईंचा आवाज बसला. कपाळावर घण पडत होते. त्यांनी दार लावलं, कडी घातली आणि दिवा न लावताच खाटेवर आडव्या झाल्या.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. दोनदा, हळू. तशी टकटक इमारतीत एकच माणूस करायचा. ताईंनी ओळखली. पण उठायचं त्यांच्या जिवावर आलं. हा माणूस समजूतदार आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. बारीकसारीक चाकं लावणारा माणूस, चार ओळी नीट वाचेल. शिवाय शनिवारी सभा आहेच. टकटक पुन्हा एकदा झाली. मग चपला सावकाश परत गेल्या.

शुक्रवारी सकाळीच ताई अपिलाच्या कागदांसाठी वकिलांकडे गेल्या. आणि त्या गेल्या न गेल्या तोच मालकाचा मॅनेजर इमारतीत शिरला. असल्या माणसाला वास बरोबर लागतो. आवाज चढवणं, धमकावणं असलं त्यानं काही केलं नाही. तो सरळ घड्याळजींच्या खिडकीशी गेला, आपलं मनगटी घड्याळ आत दिलं आणि म्हणाला, "मागं पडतंय जरा. बघता का?" मग इकडचं तिकडचं. मग वहिनींची चौकशी. मग म्हणाला, की मालकांना तुमची काळजी वाटते. थकलेला सगळा फरक माफ, वर हातात थोडी रक्कम, सामान हलवायला टेम्पो मालकांचा. आजच्या आज सही केलीत तर. "उद्या कोर्टाचा माणूस येऊन वहिनींना खाटेसकट बाहेर काढणार, ते बघवेल का तुम्हाला?"

कोर्टाचा माणूस येणार नव्हता. पत्रात तसं लिहिलं होतं. ते पत्र टेबलावर, भिंगाच्या शेजारी, घडी घालून पडलं होतं. घड्याळजींनी सही केली. स्वखुशीने जागेचा ताबा सोडत आहे, रक्कम मिळाली, मालकाविरुद्ध काही हक्क राहिला नाही. साक्षीदार मॅनेजरनं बरोबरच आणले होते. जाताना त्यानं आपलं घड्याळ मागितलं, तर घड्याळजी म्हणाले, "दुरुस्त झालंय. पैसे नकोत."

ताई परतल्या तेव्हा टेम्पो दाराशी उभा होता आणि टेबल त्यात चढलेलं होतं.

"घड्याळजी, हे काय केलंत? कुणी सांगितलं तुम्हाला जागा सोडायला?"

"ताई, निकाल लागला ना," ते म्हणाले. कागदाच्या पुड्यांत ते एकेक घड्याळ गुंडाळत होते.

"निकाल भाड्याचा होता! बाहेर काढायचा नव्हता. लिहिलं होतं मी. हप्ते होते. मी बघितलं असतं, संघानं बघितलं असतं. पत्र वाचलं नाहीत का?"

घड्याळजींनी हातातलं काम थांबवलं. लाजल्यासारखं खाली बघत म्हणाले, "खरं सांगू? तुमचं पत्र मी कधी पूर्ण वाचलंच नाही. शेवट बघायचो आणि हिला सांगायचो. या वेळी शेवटी काहीच नव्हतं. म्हटलं, ताईंनी लिहिलं नाही म्हणजे सगळं संपलं. विचारायला आलो होतो काल. तुम्ही झोपला होतात."

"झोपले नव्हते मी," ताई म्हणाल्या. घड्याळजींनी मान वर केली, त्यांच्याकडे बघितलं, आणि पुन्हा घड्याळं गुंडाळायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

ताई तशाच वकिलांकडे धावल्या. घड्याळजींकडे राहिलेल्या सहीच्या कागदाच्या प्रतीचा त्यांनी फोटो काढून घेतला होता. वकिलांनी तो दोनदा वाचला. "जबरदस्ती झाली का? धमकी?"

"कोर्टाचा माणूस येईल म्हणाला."

"कुणासमोर?"

"वहिनींसमोर. त्या पडद्यामागे असतात."

"किल्ली दिली का?"

"दिली. पैसेही घेतले."

वकिलांनी चष्मा काढला. "दावा लावता येईल, ताई. फसवून सही घेतली म्हणून. पण निकालाचा बरोबर सारांश त्यांच्या टेबलावर होता, सही करू नका असंही त्यात होतं. समोरचा वकील पहिल्यांदा तुमचंच पत्र दाखवेल." त्यांनी फोटो परत केला. ताईही उठल्या. त्यांच्या पत्रानं दुसऱ्यांदा मालकाचं काम केलं होतं.

संध्याकाळी वहिनींना खुर्चीत बसवून चौघांनी टेम्पोत ठेवलं. कितीतरी वर्षांनी त्यांनी रस्ता बघितला. गावाबाहेर त्यांच्या भाच्याची पत्र्याची खोली होती, तिथं निघाले होते. तिथं रस्त्यावरून कोण जातंय आणि घड्याळ कोण देतंय? ताईंनी वहिनींचा हात धरला, तर वहिनीच म्हणाल्या, "रडू नका हो. घाबरण्याचं कारण नाही." त्यांना एवढंच माहीत होतं, इतकी वर्षं त्यांना एवढंच वाचून दाखवलं होतं.

शनिवारी सभा झाली. घड्याळजींचं उदाहरण समोर होतं, तरी कुणी पत्राचं मधलं वाचून आलं नव्हतं. खजिनदार म्हणाले, "बघितलंत, ओळ नव्हती तर काय झालं?" कुणीही त्यांना गप्प केलं नाही. ताईंनीसुद्धा नाही. मालकाला मात्र सुंठीवाचून खोकला गेला होता. रिकाम्या खोलीची खिडकी त्यानं दुसऱ्याच दिवशी फळ्या ठोकून बंद केली.

अपील दाखल झालं. स्थगितीच्या अर्जावर सुनावणी झाली, आणि स्थगिती नाकारली गेली. पहिल्या हप्त्याची तारीख तोंडावर आली. कुणी दागिना काढला होता, कुणी व्याजानं घेतले होते, दुसऱ्या मजल्यावरच्या भावांनी तर भरायचंच नाही असं ठरवलं होतं. ताई पत्र लिहायला बसल्या. अपील दाखल आहे. स्थगिती मिळालेली नाही. हप्ता भरणे भाग आहे. न भरल्यास मागील पत्रात लिहिल्याप्रमाणे परिणाम होतील. एवढं वाईट पत्र त्यांनी आजवर लिहिलं नव्हतं. मागचं पत्रसुद्धा याच्यापुढे बरं होतं.

शेवटी त्यांनी लिहिलं: घाबरण्याचे कारण नाही.

ते खोटं होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं. पण निदान आज कुणी घाईनं कुठल्या कागदावर सही करणार नाही, एवढाच त्यामागचा हिशेब. फळ्याशी खजिनदार भेटले, खालची ओळ बघितली, "आता कसं!" म्हणाले आणि वर गेले. मावशीनं वरूनच हात जोडले. ताई एकेका दाराखालून कागद सरकवत खाली आल्या, तळमजल्यावर वळल्या, आणि हातात एक प्रत उरली होती म्हणून सवयीनं शेजारच्या दाराशी वाकल्या.

कागद अडला नाही. आत पायपुसणं नव्हतं. तो मोकळ्या फरशीवरून सरकत पार खिडकीच्या भिंतीपर्यंत गेल्याचा आवाज आला. चुकलं हे ताईंच्या लक्षात आलं होतं, तरी त्या तशाच वाकून थांबल्या; कुणीतरी आतून वाचून दाखवेल म्हणून.